मोळी मोजली, चूल राहिली

गिरणगावातल्या चाळीत पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटायचा. दहा बाय बाराची खोली, भिंतीला टेकवलेली परात, कणकेचा मोठा गोळा आणि समोर पोळपाट. पहिल्या पाळीला जाणारे मेंबर साडेसहाच्या आत जेवण उचलणार, म्हणून आधीच्या पन्नास-साठ चपात्या त्यांच्या. हे मेंबर कोकणातले, साताऱ्याकडचे, घाटावरचे. बायको-मुलं गावी, इथे गिरणीत काम, जेवण खाणावळीत आणि पैसे पगार झाला की. शेवटच्या दहा-बारा चपात्या घरच्यांच्या. नवरा, दोन पोरं, म्हातारी सासू.

गोळा एकच, तवा एकच, लाटणारे हातही तेच. पण देशाचं उत्पन्न मोजणाऱ्याच्या दृष्टीनं चाळिसावी चपाती आणि शेवटची चपाती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चाळिसावी मेंबरच्या ताटात पडली, तिचे पैसे आले. समजा एका मेंबरनं महिन्याला शंभर रुपये दिले आणि त्यातले सत्तर पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल यांत गेले, तर उरलेले तीस रुपये ही त्या बाईनं देशाच्या उत्पन्नात घातलेली भर. पीठ-डाळीची किंमत शेतकरी, गिरणीवाला आणि वाणी यांच्या खात्यात आधीच जमा झालेली असते, म्हणून ती पुन्हा धरायची नाही. याला मूल्यवर्धन म्हणतात, आणि सगळ्या देशातली अशी मूल्यवर्धनं एकत्र केली की (करांचा थोडा हिशेब मिळवून) जीडीपी होतो. नवऱ्याच्या ताटात पडलेल्या शेवटच्या चपातीतलं पीठ त्यात आहे, रॉकेलही आहे. लाटणं-भाजणं मात्र नाही.

ही रेघ कुणी आणि कशी मारली, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. निदान आपल्याकडची गोष्ट तरी मुंबईतूनच सुरू होते.

एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी यांनी १८७०च्या दशकात हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध मांडला. त्यासाठी त्यांनी १८६७-६८चं साल धरलं. पद्धत अगदी शेतकऱ्याच्या हिशेबासारखी होती. प्रांत घ्यायचा, लागवडीची जमीन घ्यायची, मुख्य पिकाचं एकरी उत्पन्न आणि भाव लावायचा, बियाणं वजा करायचं. मग त्यात मीठ, अफू, कोळसा, कारागिरी मिळवायची आणि वर राहिलं-सुटलं म्हणून भरघोस तीन कोटी पौंडही टाकायचे. एकूण आले ३४ कोटी पौंड, लोकसंख्या धरली १७ कोटी. म्हणजे माणशी दोन पौंड, तेव्हाच्या भावानं वर्षाला वीस रुपये.

नुसता वीसचा आकडा काही बोलत नाही, हे दादाभाईंना कळत होतं. म्हणून त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला. वसाहतींमध्ये मजुरीला पाठवलेल्या माणसांना जहाजावर किती तांदूळ, डाळ, तूप, मीठ द्यायचं, याचं सरकारी डॉक्टरांनी ठरवलेलं माप होतं. तुरुंगातल्या कैद्यांवर प्रांतोप्रांती किती खर्च होतो, याचेही अहवाल होते. त्यावरून माणसाच्या निव्वळ गुजराणीचा खर्च प्रांतागणिक वर्षाला १६ ते ३५ रुपये येत होता. सरकार आपल्या कैद्याला जेवढं खाऊ घालतं तेवढंही बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारचेच कागद वापरून दाखवलं. उत्पन्नाची सरासरी मांडताना ‘एवढ्यात पोट भरतं का?’ हा प्रश्न त्यांनी सुटू दिला नाही. पुढच्या शंभर वर्षांत हे दोन आकडे इतके दूर गेले की आज एक सांख्यिकीच्या खात्यात बसतो आणि दुसरा दारिद्र्यरेषेच्या समितीत.

त्यांचा सगळ्यात मजेदार वाद झाला रेल्वेवरून. इंडिया ऑफिसातल्या डॅन्व्हर्स यांचं म्हणणं असं की दादाभाईंनी नुसतं पिकलेलं धान्य मोजलं, रेल्वेनं ते वाहून नेल्यानं त्याची किंमत वाढते ती धरलीच नाही. दादाभाईंनी उलट विचारलं : पंजाबात शंभर मण गहू शंभर रुपयांचा आहे, तो आगगाडीनं मुंबईत आणला आणि इथे सव्वाशेला विकला गेला. गव्हाचा एक दाणा तरी वाढला का? नुसत्या हलवाहलवीनं संपत्ती वाढत असेल तर मग माल वर्षभर गाड्यांतून गरगर फिरवत ठेवा, देश श्रीमंत होईल!

आजच्या नियमानं बघायचं तर या वादात दादाभाई हरले. मुंबईतल्या खाणाऱ्याला गहू मुंबईतच हवा आहे, तेव्हा तो इथवर आणणं हेही उत्पादनच. ते पंचवीस रुपये वाहतूक आणि व्यापार या सदरांत निमूटपणे जमा होतात. पण दादाभाईंच्या रागाचं मूळ वेगळं होतं. ते पंचवीस रुपये जातात कुणाच्या खिशात? रेल्वेचे भागधारक विलायतेत, त्यांना व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून. देशाच्या हद्दीत काय निर्माण झालं एवढंच जीडीपी विचारतो, ते शेवटी कुणाकडे गेलं हे तो विचारत नाही. परदेशी गेलेला नफा आणि व्याज वजा करायचं असेल तर राष्ट्रीय उत्पन्न नावाचा वेगळा आकडा काढावा लागतो. दादाभाईंना तोच हवा होता. मात्र सेवेला उत्पादनच न मानल्यामुळे त्यांच्या हिशेबात चुलीला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. खाणावळवाली तेव्हा असती तर तिच्या पैसे घेतलेल्या चपात्याही त्यांनी धरल्या नसत्या.

मधली वर्षं पटकन ओलांडू. १९०१ साली लॉर्ड कर्झननं माणशी तीस रुपये सांगितले, विल्यम डिग्बीनं त्याच सुमाराला सतरा-अठरा. ज्याला राज्य सुखाचं दाखवायचं त्याचा आकडा मोठा, ज्याला दुःखाचं दाखवायचं त्याचा लहान. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी केंब्रिजमध्ये बसून १९३१-३२ या वर्षाचा हिशेब केला, तेव्हा कुठे वकिली मागे पडून शास्त्र पुढे आलं. शेती, खाणी अशा ठिकाणी त्यांनी माल मोजला आणि नोकरी, व्यापार, घरगुती चाकरी अशा ठिकाणी माणसं मोजून त्यांची कमाई धरली. ही दुसरी युक्ती लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापाशी आहे.

४ ऑगस्ट १९४९ला सरकारनं राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य दोनच. एक राव आणि दुसरे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ. गाडगिळांना आकड्यांचा पुस्तकी मोह नव्हता. वाई तालुक्यातल्या शेतीचा ताळेबंद त्यांनी शेताशेतात जाऊन मांडून घेतला होता, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. शेतकऱ्याला ‘वर्षाचं उत्पन्न किती?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. किती पोती झाली, किती घरी ठेवली, बलुतेदाराला किती घातली, असं विचारावं लागतं. सल्लागार म्हणून आलेले पाहुणे त्या काळचे या विद्येतले सगळ्यात मोठे लोक होते : अमेरिकेचे सायमन कुझनेट्स, केंब्रिजचे रिचर्ड स्टोन आणि संयुक्त राष्ट्रांचे डर्कसेन.

कुझनेट्स यांनी १९३४ साली मंदीतल्या अमेरिकेचा पहिला पद्धतशीर हिशेब तिथल्या सिनेटला दिला होता. त्यात गृहिणींचं काम त्यांनी सरळ बाहेर ठेवलं आणि कारणही लपवलं नाही : याची किंमत ठरवायला विश्वासार्ह आधार नाही. शिवाय या आकड्यावरून राष्ट्राचं भलं मोजू नका, अशी ताकीदही त्याच अहवालात दिली होती. आकडा जगानं घेतला, ताकीद अहवालातच राहिली.

दिल्लीतल्या समितीपुढची अडचण मात्र अमेरिकेपेक्षा फार मोठी होती. इथलं निम्मं जगणं बाजारात येतच नव्हतं. घरची ज्वारी, घरचं दूध, परसातली भाजी, रानातलं सरपण. पैसे देऊन घेतलं तेवढंच मोजायचं म्हटलं तर देश आहे त्याहून भिकारी दिसणार. म्हणून घरी ठेवलेल्या धान्याला सुगीच्या वेळचा भाव लावून ते मोजात घेतलं. स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं समजून तेही धरलं. पहिल्या अहवालात १९४८-४९चं राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये आलं, माणशी २५५ रुपये. माहितीतली भोकं इतकी होती की ती बुजवण्यासाठी १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच सुरू करावी लागली.

म्हणजे पैशाची देवघेव झाली नाही तरी मोजता येतं, हे समितीनं स्वतःच मान्य केलं होतं. न दिलेलं भाडं धरता येतं, न विकलेली ज्वारी धरता येते. मग न विकलेली भाकरी का नाही?

हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचलाच नाही असं नाही. स्टोन यांच्याच गटातली फिलिस डीन ही तरुण संशोधक १९४०च्या दशकात ब्रिटिश आफ्रिकेतल्या वसाहतींचा हिशेब करत होती. आधी लंडनमध्ये बसून, मग प्रत्यक्ष उत्तर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झांबियातल्या खेड्यांत फिरून. तिथे तिला दिसलं की गावाच्या जगण्याचा मोठा भाग बायकांच्या अशा कामावर उभा आहे ज्याला इंग्लंडच्या तक्त्यात रकानाच नाही : लाकूडफाटा आणणं, पाणी भरणं, धान्य कुटणं, रांधणं. हे वगळणं तर्काला धरून नाही असं तिचं मत झालं. पण १९५३ साली संयुक्त राष्ट्रांनी जगासाठी जी हिशेबपद्धत छापली, तिचे कर्ते स्टोन होते आणि तिच्यात रेघ चुलीच्या अलीकडेच पडली. रानातून, शेतातून, गोठ्यातून आलेला माल घरीच वापरला तरी आत; घरच्यांसाठी घरात केलेली सेवा बाहेर.

रेघ मारणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, ती अगदीच पोकळ नाही. जीडीपी मुख्यतः हवा असतो तो कर, बेकारी, महागाई, चलन यांचा अंदाज बांधायला. घरच्या स्वयंपाकाला लाखो कोटींची किंमत लावली तर आकडा फुगेल आणि गिरण्या बंद पडल्याचं दुखणं त्यात बुडून जाईल. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला कामावर धरलं तर बेकार कुणी उरणारच नाही. आणि किंमत लावायची तरी कशी? स्वयंपाकीण ठेवली असती तर जो पगार दिला असता तो लावा, म्हणावं. किंवा ती बाई तेवढ्या वेळात बाहेर जे कमावू शकली असती ते लावा. दुसरी रीत घेतली तर डॉक्टरीणबाईंनी टाकलेली खिचडी मजूरबाईच्या खिचडीच्या दहापट महाग होते, मग ती करपलेली का असेना.

आपल्याकडे या रेघेचं जे झालं ते मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा गमतीचं आहे. आपल्या राष्ट्रीय हिशेबात पशुधनाच्या सदरात शेण धरलं जातं, खत म्हणून आणि जळण म्हणूनही. वनांच्या सदरात सरपण धरलं जातं. ते बहुतेक कुठल्याच वखारीत नोंदलं जात नाही, म्हणून घरं किती लाकूड जाळतात यावरून अंदाज काढतात. म्हणजे गोवरी जीडीपीत, मोळी जीडीपीत, ज्वारी जीडीपीत. त्या गोवरीवर त्या ज्वारीची भाकरी थापणारी बाहेर.

एवढ्यावर थांबलं असतं तर निदान नियम म्हणता आला असता. पण नमुना पाहणीचा माणूस दारात येतो तेव्हा त्याच्या हातात कामाचे संकेतांक असतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण, भाजीपाला, वैरण फुकट गोळा करून आणणारी, शिवणकाम वगैरे करणारी. हे दोन्ही अंक श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. तेव्हा डोक्यावरची मोळी उत्पादनात जमा आणि ती वाहणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’त जमा. पाठवणाऱ्याचं नाव नसलेल्या मनीऑर्डरीसारखी ही मोळी सरकारदरबारी पोचते.

आता रावांची ती युक्ती. ज्या धंद्यांच्या वह्या नाहीत, म्हणजे टपऱ्या, फेरीवाले, शिवणयंत्र, खाणावळी, तिथे आपल्याकडे अनेक दशकं उत्पन्न काढलं गेलं ते असं : त्या धंद्यात माणसं किती, आणि एका माणसामागे मूल्यवर्धन किती, यांचा गुणाकार. दुसरा आकडा नमुना पाहणीतून येतो. पहिला येतो जनगणनेतून आणि रोजगाराच्या पाहणीतून, म्हणजे ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाच्या उत्तरातून.

तो प्रश्न कसा विचारला यावर केवढं अवलंबून आहे याचा पुरावा एकाच ठिकाणी स्वच्छ दिसतो. १९६१च्या जनगणनेत शंभर बायकांमागे सुमारे २८ काम करणाऱ्या निघाल्या. १९७१ला सुमारे १४. दहा वर्षांत निम्म्या बायका काम सोडून घरी बसल्या नव्हत्या. १९६१ला व्याख्या सैल होती, दिवसाचा थोडा वेळ नियमित काम केलं तरी नोंद व्हायची. १९७१ला विचारलं, तुमचं मुख्य काम काय? शेतात राबून आलेली बाईही याला ‘घरचंच बघते’ म्हणणार, आणि शेजारी उभा असलेला नवरा तर तिच्या आधी म्हणणार.

खाणावळवालीची नेमकी हीच गत. नियमानं तिच्या पैसे घेतलेल्या चपात्या मोजात यायलाच हव्यात. पण तिच्या दारावर पाटी नाही, परवाना नाही, वही असलीच तर भिंतीवर कोळशानं मारलेल्या रेघा. जनगणनेचा मास्तर दारात आला तर घरातला कुणीतरी सांगणार : तिचं काय, ती घरीच असते. झालं. गुणाकारातलं एक माणूस गेलं आणि त्याबरोबर वर्षभराचं मूल्यवर्धन गेलं. रेघेच्या आत असूनही ती मोजाच्या बाहेर. नियमानं वगळलेलं आणि नजरेतून सुटलेलं, या दोन गळती वेगळ्या आहेत. पहिलीवर जगभर परिषदा झाल्या. दुसरी बुजवायला मास्तरानं दोन प्रश्न जास्त विचारले तरी पुरेसं होतं : घरी किती माणसं जेवायला येतात? महिन्याचे किती देतात?

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. मेंबरचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पीठ-डाळ मात्र रोज लागणार, म्हणून या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात रुतलेल्या असत. मंडळानं त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं आणि कर्ज मिळवून दिलं. कर्ज धंद्याला मिळतं, घरकामाला मिळत नाही. जे जनगणनेनं विचारलं नव्हतं ते बँकेला विचारावंच लागलं : जेवणारे किती, खर्च किती, हातात राहतं किती.

घरच्या दहा-बारा चपात्यांचा हिशेब मात्र कुणीच मागितला नव्हता. १९९८-९९मध्ये देवकी जैन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या देखरेखीत सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी झाली. रुपये बाजूला ठेवून मिनिटं मोजायची, ही त्यामागची कल्पना. आठवड्याला घरकाम आणि सांभाळ यांत बायकांचे साडेचौतीस तास निघाले आणि पुरुषांचे साडेतीन-पावणेचार. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. देशभराची पहिली पाहणी २०१९ला झाली. घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं आली. पुरुषांत असं काम मुळात करणारेच शंभरात सव्वीस, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं.

दोनशे नव्व्याण्णव मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. वर्षाचे अठराशेच्या वर तास, आठ तासांच्या पाळीनं सव्वादोनशेहून जास्त पाळ्या, रविवारची सुट्टी न धरता. गिरणीत एवढ्या पाळ्या भरणाऱ्याला बोनस मिळायचा.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने लोक उधारीवर जेवले, मग संप लांबत गेला तसे अनेक जण गाठोडं बांधून गावी परतले. कापडाचं उत्पादन थांबलं ते आकडेवारीत दिसलं. खाणावळी ओस पडल्या, त्यांतल्या ज्या मुळात कुणी नोंदल्याच नव्हत्या त्यांचं थांबणं कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मेंबर उपाशी राहिला असंही नाही. रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे तो आपल्या घरी पाटावर बसून दोन वेळा जेवत होता. पाचाऐवजी सहा माणसांच्या भाकरी थापायच्या म्हणून त्याची बायको अर्धा तास आधी उठत होती, आणि सरपण कमी पडायला लागलं तेव्हा आठवड्याला एक मोळी जास्त आणत होती. त्यातली मोळी तेवढी धरायची.